खब्बूचा बोल्ट

आधी हे सांगते की रायफल माझी नव्हती, ताईची होती. म्हणजे क्लबची होती, पण झाशीतल्या आमच्या क्लबमध्ये डावखुरी नेमबाज एकटी ताईच, आणि डाव्या हाताची पॉइंट टू-टूची रायफल पण एकच. त्यामुळे ती ताईचीच. मी उजव्या हाताची, मी बाकी सगळ्यांच्या रायफलींमधली कुठलीही उचलायचे आणि बऱ्यापैकी वाईट मारायचे. ताई चांगली मारायची. खूप चांगली. यंदा तिचं ज्युनियरमधलं शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी सीनियर, आणि सीनियरचा नॅशनलला जायचा स्कोअर कुठल्या कुठे आहे. म्हणजे यंदाच्या स्टेटला मारलं तर मारलं. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. भुसावळला आजीला पण पाठ होतं, तिला रायफल म्हणजे नक्की काय करतात ते माहीत नसूनही.

तर गोष्ट अशी झाली की आमच्याच क्लबमध्ये झालेल्या कॅम्पनंतर ताईच्या गोळ्या उभ्या पसरायला लागल्या.

पन्नास मीटरवर झोपून मारायचं असतं, आणि मी तिच्या मागे बसून दुर्बिणीतून बघायचे. डावी-उजवी एकदम बरोबर. जणू दोरी धरून मारलंय. पण वर, खाली, वर, परत खाली. वाऱ्याने गोळी आडवी जाते, हे तर उभं होतं. कोच साहब म्हणाले, "बेटा, साँस. साँस पकड़ के ट्रिगर नहीं दब रहा तुमसे." ताईने श्वासावर काम केलं. मग ते म्हणाले गाल. मग कोपराखालची मॅट. मग म्हणाले, "घर में सब ठीक है?" घरात सगळं ठीक होतं. फक्त ताई जेवत नव्हती नीट.

कोच साहब मोठ गावचे. रोज बाइकवर कानपूर रोडने येतात, हेल्मेटच्या आत गमछा, आणि सीझनमध्ये डिक्कीत मटार, आईसाठी. फौजेतून रिटायर झालेत. त्यांना स्वतःला ताईपेक्षा जास्त टेन्शन होतं, पण ते टेन्शन रागाच्या भाषेत बोलतात.

मग गोळ्यांवर आळ आला. लॉट बदलला. तेच. एक दिवस ताईने ट्रिगर दाबला आणि फक्त टिक. आवाजच नाही. कोच साहब मागून म्हणाले, "हिलना नहीं. मुँह टारगेट पे. रुको." कारण कधीकधी दारू उशिरा पेटते, आणि तुम्ही घाईने बोल्ट उघडला तर ती तुमच्या तोंडासमोर पेटते. रुकलो. बऱ्याच वेळाने ताईने बोल्ट उघडला, गोळी बाहेर आली. काठावर, जिथे रायफलची सुई मारते, तिथला डाग एकदम फिका, जणू नखाने टोचलंय. ताई म्हणाली, "स्प्रिंग कमजोर झाली असेल." कोच साहब म्हणाले, "स्प्रिंग तो मैंने ही डाली थी कैंप से पहले." आणि मला आठवतंय, तेव्हाच त्यांचा आवाज बदलला. मी मात्र फोनवर कुणाचं तरी स्टेटस बघत होते.

आणि मग दोन दिवसांनी ते झालं. ताईने एक गोळी मारली आणि डोकं झटक्याने मागे घेतलं. चष्मा होता म्हणून. तिच्या डाव्या गालावर, जिथे लाकडाला टेकतो ना गाल, त्याच्या वर, काळा डाग. बारीकसा, काजळ उडाल्यासारखा. गरम लागलं, म्हणाली. कोच साहब ओरडले, "लाइन बंद!" आणि सगळ्या लाइनवरच्यांनी हात काढून घेतले. त्यांनी गोळीची रिकामी पितळी केस उचलली, उन्हात धरली. तळाचा काठ फुगलेला, आणि एका जागी केसाएवढी चीर.

"आज से ये रायफल नहीं चलेगी," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले. तेच जास्त वाईट वाटलं.

ताई म्हणाली, "सर, टू-टू ही तो है."

"टू-टू है इसीलिए गाल बचा है. बड़ी बोर होती तो आँख लेके जाती."

त्या संध्याकाळी क्लबच्या खोलीत त्यांनी आम्हाला हेडस्पेस समजावलं, आणि मला ते इतकं आवडलं, म्हणजे त्या दिवशी आवडायला नको होतं तरी आवडलं, की मी आता ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही.

टू-टूच्या गोळीला तळाशी एक काठ असतो, थाळीला असतो तसा. गोळी नळीच्या तोंडात आत जाते आणि हा काठ बाहेर अडकतो. मागून बोल्ट येऊन बसतो. नळीच्या ज्या कडेवर काठ टेकतो तिथपासून बोल्टच्या चेहऱ्यापर्यंत जी जागा उरते, तीच हेडस्पेस. त्या काठाला बसायला मिळालेली खोली. एक मिलिमीटरच्या आसपास, आणि खरा मामला त्याच्यानंतरच्या बारीक फरकात.

खोली मोठी झाली की काठ आत हलतो. सुई येऊन मारते, तर मार खायच्या ऐवजी गोळी आधी पुढे सरकते, सुईचा अर्धा जोर सरकवण्यातच जातो. मग कधी दारू नीट पेटते, कधी अर्धवट, कधी पेटतच नाही. नीट पेटली तर गोळी जोरात जाते, वर लागते. अर्धवट पेटली तर हळू जाते, खाली लागते. म्हणून उभं. ताईच्या श्वासाचा, गालाचा, जेवणाचा काही संबंध नव्हता. आणि दारू पेटल्यावर केस मागे फेकली जाते, तिला आधार द्यायला बोल्ट लगेच मागे पाहिजे. तिथे फट असेल तर तळ फुगतो, फाटतो, आणि गरम वायू मागे येतो. मागे म्हणजे जिथे माणसाचं तोंड असतं.

"और अगर जगह कम हो?" मी विचारलं. मला सगळं विचारायचं असतं.

"तो और बदमाशी. टू-टू का मसाला किनारे में ही भरा है. जगह कम है, तुमने बोल्ट ज़ोर से ठोंका, किनारा पिसा, और गोली चल गई. बोल्ट अभी लॉक हुआ नहीं, गोली चल गई. समझीं? और ना भी चली तो हर बार मसाला अलग-अलग कुचलेगा, निशाना क्या लगेगा."

मग त्यांनी डब्यातून दोन गेज काढले. चमकणारे छोटे स्टीलचे तुकडे, गोळीसारखेच दिसतात. एक गो, एक नो-गो. बोल्टमधली सुई काढली, केस ओढणारी नखी काढली, म्हणजे आडवं येणारं काही नको. गो टाकला, बोटाने हळूच बोल्ट लावला, बंद झाला. व्हायलाच पाहिजे. मग नो-गो. ह्यावर बोल्ट बंद व्हायला नको, अडकायला पाहिजे, हीच परीक्षा. बोल्टची मूठ खाली गेली. अडली नाही, काही नाही. लोण्यात गेल्यासारखी. मूठ सोडून ते खुर्चीत मागे टेकले. ताई माझ्याकडे बघत होती, मी त्या मुठीकडे.

आता हे एका कॅम्पमध्ये कसं झालं? कॅम्पच्या आधी रायफल ठीक होती, गेज त्यांनीच लावला होता. नळी एवढ्यात झिजत नाही, बोल्ट पण नाही. कोच साहबांनी बोल्ट उलटा करून नंबर बघितला, मग नळीवरचा नंबर. मग परत बोल्ट. मग चष्मा पुसला.

"ये बोल्ट इसका है ही नहीं."

आमच्याकडे सिक्युरिटीसाठी बोल्ट वेगळे ठेवतात, रायफल रॅकमध्ये आणि बोल्ट लोखंडी अलमारीत, छोट्या खाकी थैल्यांत. प्रत्येक थैलीवर रायफलचा नंबर लिहिलेला. फक्त ताईच्या थैलीवर नंबर नाही. आमच्या स्टोअरच्या चाचांनी केव्हातरी स्केचपेनने लिहिलंय: खब्बू. हिंदीत डावखुऱ्याला खब्बू म्हणतात. एकच तर होता, नंबर कशाला? ताईला पण ते आवडायचं. "चाचा, खब्बू निकालिए," असं ती थाटात म्हणायची.

कॅम्पला दुसरी डावखुरी आली होती. दुसऱ्या जिल्ह्याच्या क्लबची, ताईहून दोन वर्षांनी लहान, हसली की डोळे गायब. तिची रायफल हुबेहूब ताईच्या रायफलसारखी, त्याच कंपनीची, तेच मॉडेल. कॅम्पमध्ये दोघी गळ्यात गळे घालून हिंडायच्या, कारण लाइनवर डावखुरीला नेहमी शेजारच्या उजव्या हाताच्या नेमबाजाकडे तोंड करून झोपावं लागतं, आयुष्यात पहिल्यांदा दोघी एकाच बाजूला बघत होत्या. आणि चाचांनी तिचा बोल्ट कुठे ठेवला? खब्बूच्या थैलीत. दोन्ही खब्बूच की. शेवटच्या दिवशी एक हिला, एक तिला. बोल्ट बसतो, बंद होतो, गोळी सुटते, फक्त प्रत्येक बोल्ट आपापल्या नळीच्या मापाने बसवलेला असतो. नंबर कुणी बघितला नाही. आम्ही पण नाही बघितला.

चाचा म्हणाले, "अरे हमको क्या पता, हम समझे एक जैसे हैं."

कोच साहब म्हणाले, "चाचा, एक जैसे तो जुड़वाँ भी होते हैं, बीवियाँ तो अलग ही रहती हैं." आणि कुणी हसलं नाही, ते स्वतः पण नाही. मग मला हसू आलं आणि ताईने पायावर पाय दिला.

पण मला खरंच बरं वाटलं होतं. कारण आता उपाय सोपा होता ना. आमचा बोल्ट तिच्याकडे, तिचा आमच्याकडे, अदलाबदल, झालं. स्टेटला अजून दिवस होते. मी घरी येऊन आईला सगळं दोन मिनिटांत सांगितलं आणि आई म्हणाली, "परत सांग, हळू." बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत, वॅगनवाले, त्यांना एका झटक्यात कळलं. बाबांनी कोच साहबांना फोन लावून विचारलं, "सर, बोल्ट में खेल कितना है?" आमच्याकडे यंत्राच्या हालण्याला खेळ म्हणतात, बाबांनी ते सरळ हिंदीत उचललं. पलीकडून कोच साहब म्हणाले, "भाई साहब, आपको खेल की पड़ी है, यहाँ बच्ची का गाल जल गया." बाबा दहा मिनिटं समजावत बसले की तो खेळ नाही, हा खेळ.

कोच साहबांनी त्या क्लबच्या कोचला फोन लावला तेव्हा आम्ही समोर होतो. स्पीकरवर.

"हाँ सर, रायफल? मस्त चल रही है. पहले थोड़ी टाइट हो गई थी, बोल्ट बंद करने में ज़ोर लगता था."

कोच साहबांनी हातातला फोन तोंडाजवळ आणला.

"फिर हमारे यहाँ एक मिस्त्री है, उसने बोल्ट का मुँह हल्का सा घिस दिया. अब मक्खन."

कोच साहबांनी फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे फोनच्या दोन बाजूंना ठेवले. मग त्या माणसाला त्यांनी खूप हळू आवाजात सांगितलं की ती रायफल आत्ता ह्या क्षणी बंद कर, मुलीला तिच्यामागे झोपू देऊ नकोस, आणि दोन्ही गोष्टी, रायफल आणि बोल्ट, लायसनवाल्या माणसाबरोबर झाशीला घेऊन ये. "और तब तक किसी मिस्त्री को मत छूने देना. मिस्त्री को चाय पिला देना, बस."

ते आले. स्टेटला जायच्या वाटेवरच झाशी पडतं त्यांना, दोन दिवस आधी निघाले. ती मुलगी पण आली. ताईला मिठी मारली आणि म्हणाली, "दीदी, आपका बोल्ट मेरे पास था, मुझे तो पता ही नहीं." टेबलावर गमछा पसरला, त्यावर दोन रायफली, दोन बोल्ट. आता ते कसे एकसारखे वाटले असतील कुणाला, मला कळेना. एकाच्या चेहऱ्यावर पॉलिशची चकाकी तिरकी पडत होती.

आधी तिची रायफल, तिचा स्वतःचा बोल्ट, जो इतके दिवस ताईच्या रायफलमध्ये होता. गो, बंद झाला. नो-गो, अडला. छान अडला. कोच साहबांनी अजून एकदा केलं. अडला. तिची रायफल ठणठणीत होती.

मग ताईची रायफल, ताईचा बोल्ट. कोच साहबांनी नो-गो आधी घेतला, मला वाटतं त्यांना लवकर संपवायचं होतं. मूठ खाली गेली. अगदी खालपर्यंत.

म्हणजे बघा ना. ताईची नळी चांगली, त्या मुलीची नळी चांगली, त्या मुलीचा बोल्ट चांगला. चार वस्तूंमध्ये एकच बिघडलेली, आणि ती ताईची. ताईने काहीच केलं नव्हतं. कुणीच खरं तर काही वाईट मनाने केलं नव्हतं. त्या मिस्त्रीने पण बिचाऱ्याने टाइट आहे म्हणून मोकळं केलं. दुसऱ्याच्या नळीच्या मापाने ताईचा बोल्ट घासला.

मग जे जे करता येईल ते सगळं केलं. शहरातल्या बंदूकवाल्याकडे गेलो, लायसनवालं दुकान, काउंटरवर दुनाळ्या बंदुका आणि पॉइंट तीन-पंधराच्या रायफली. त्यांनी बोल्ट डोळ्याला भिंग लावून बघितला. "चेहरा सीधा भी नहीं रहा," म्हणाले. "नया बोल्ट मँगाओ, या नाल खोलके एक चूड़ी पीछे बिठवाओ, फिर चैंबर काटना पड़ेगा. वो हमारे पास नहीं होता बेटा, वो कंपनी वाले करते हैं." म्हणजे नळी एक आटा मागे फिरवायची आणि गोळी बसायची जागा परत कापायची. किती दिवस? त्यांनी हाताने असं केलं, लांब. बोल्ट रायफलचा भाग, तो परदेशातून येणार, परवानग्या, महिने.

ताईने उजव्या हाताची रायफल घेऊन बघितली. लाकूडच उलट. गाल बसत नाही, बोल्टची मूठ भलतीकडे, प्रत्येक गोळीला सगळं अंग मोडून परत लावायचं. मी मागे दुर्बिणीत होते. मी तिला आकडे सांगणं बंद केलं, तिने विचारलं नाही.

त्या मुलीने स्वतःहून म्हटलं, "दीदी, मेरी से मारो. पहले आप, फिर मैं." मी तर उडालेच. हे कुणाला सुचलं कसं नाही. कोच साहबांनी आयोजकांना फोन लावला. रिलेची, म्हणजे कोण कुठल्या तुकडीत मारणार त्याची, यादी लागलेली होती. दोन्ही डावखुऱ्या एकाच रिलेमध्ये, शेजारशेजारच्या लेनला, जागा बसवायला सोपं म्हणून कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं. एकाच वेळी दोघींना एक रायफल कशी चालणार? रिले बदला म्हटलं. नाही म्हणाले. परत फोन केला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही. ती मुलगी रडायला लागली आणि ताई तिची समजूत घालत बसली, पाणी दे, चेहरा धू. मला ते बघवेना, मी बाहेर जाऊन उगाच मॅट झटकल्या.

संध्याकाळी बाबा वर्कशॉपमधून आले ते खिशात कागदाची पुडी घेऊन. पुडीत स्टीलची पत्री, इतकी पातळ की फुंकली तर उडेल. वॅगनमध्ये फट भरायला असल्या पत्र्या टाकतात, शिम. बाबांनी टेबलावर कॅलिपर काढला, पत्री मापली, आणि ताईला समोर बसवलं.

"हे बघ. तुझा बोल्ट दोन तुकड्यांचा आहे, मी नेटवर बघितलं. पुढच्या तुकड्याच्या मागे ही घातली की तुकडा पुढे येतो, फट बंद. लोक करतात असं."

"करतात," ताई म्हणाली. तिने पण बघितलं होतं, मला माहीत होतं, रात्री तिच्या फोनचा उजेड दिसायचा मला.

"मग?"

"चेहरा तिरका घासलाय बाबा. एका बाजूने टेकेल, दुसऱ्या बाजूने नाही."

"थोडंसंच तिरकं आहे. मी उद्या तुझ्या सरांसमोर बसवतो, गेज लावून बघू."

"सर सही देणार नाहीत. आणि इक्विपमेंट चेकला विचारलं तर सांगू काय?"

बाबा म्हणाले, "हलणार नाही ती पत्री. बहुतेक."

ताईने पत्री बोटावर घेतली. "बहुतेक," ती म्हणाली. चिडून नाही. "माझा गाल तिथेच असतो, बाबा."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काही बसवायचं नाहीये. झालं." मग तिनेच बाहेर येऊन विचारलं, "पण मग आता काय करायचं?" तिने बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे, आणि मी ताईकडे. ताई उठली आणि आतल्या खोलीत गेली. नेमबाजीच्या जॅकेटची बॅग पलंगाखाली सरकवल्याचा आवाज आला, मग परत ओढल्याचा. बाहेर काढून ती काय करत होती माहीत नाही, मी गेले नाही बघायला.

बाबा टेबलाशीच बसून राहिले. कॅलिपर बंद केला, उघडला, परत पत्री धरली त्यात, माप वाचलं, परत काढली. माप बदलणार नव्हतं. मी समोर बसून त्यांना ते करताना बघत राहिले, आणि त्यांना थांबवायला पण काही कारण नव्हतं माझ्याकडे.